उत्तर वेळेत आले तरच: मॉडबस पोलिंगची प्रस्तावना

एका कारखान्याच्या पॅनेल रूममध्ये आठ एनर्जी मीटर बसवले आहेत. दोन तारांची एक केबल पहिल्या मीटरपासून आठव्यापर्यंत फिरवली आहे आणि तिचे एक टोक पीएलसीला जोडले आहे. पीएलसी एकेका मीटरला नंबराने विचारतो, मीटर व्होल्टेज, करंट, युनिट सांगतो, मग पुढच्याची पाळी. मोडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ साली आपल्या पीएलसींसाठी ही पद्धत प्रसिद्ध केली. मीटर, ड्राइव्ह, टेंपरेचर कंट्रोलर, फ्लोमीटर अशी बहुतेक उपकरणे आजही हीच भाषा बोलतात.

ज्याला वायरिंग येते, बॉड रेट आणि पॅरिटी जुळवता येते, पण स्क्रीनवरचे आकडे मधूनच गायब झाले की कुठे हात घालावा ते कळत नाही, अशा वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तिचे म्हणणे एवढेच, की सिरियल केबलवरच्या मॉडबस आरटीयूमध्ये वेळ हा निरोपाचाच भाग आहे. रजिस्टरचे प्रकार दोन दिवसांत समजतात. पुढची बहुतेक डोकेदुखी वेळेची असते.

आधी एक प्रश्न आणि एक उत्तर जवळून पाहू. पहिल्या मीटरकडे व्होल्टेज मागताना मास्टर केबलवर हे आठ बाइट सोडतो, आणि पुरवठा २३० व्होल्ट असेल तर मीटरकडून खालची ओळ येते:

```
01 03 00 00 00 02 C4 0B
01 03 04 43 66 00 00 + CRC
```

प्रश्नातला पहिला `01` हा मीटरचा पत्ता. तो १ ते २४७ यांपैकी काहीही असू शकतो. `03` हे काम: होल्डिंग रजिस्टर वाच. पुढचे `00 00` म्हणजे कुठून वाचायचे आणि `00 02` म्हणजे किती वाचायची. शेवटचे दोन बाइट सीआरसीचे, मजकूर वाटेत बिघडला का ते तपासण्यासाठी. उत्तरात पुन्हा पत्ता, पुन्हा काम, मग ‘चार बाइट देतो आहे’ हे सांगणारा `04`, आणि `43 66 00 00` हा फ्लोटिंग पॉइंट पद्धतीतला २३०.

आता उत्तरात काय नाही ते पाहा. ही माहिती कोणत्या रजिस्टरची, हे उत्तर सांगत नाही. व्होल्टेज विचारले होते म्हणून आलेला आकडा व्होल्टेज, एवढाच आधार मास्टरकडे असतो. प्रश्न आणि उत्तर यांना बांधणारा धागा म्हणजे त्यांचा क्रम. वेळेच्या गोंधळात तो क्रम कसा तुटतो ते पुढे येईलच, पण आधी रजिस्टरचे घर नीट लावून घेऊ.

मॉडबसमध्ये माहितीचे चार कप्पे आहेत. कॉइल म्हणजे एका बिटाची, लिहिता येणारी जागा, उदाहरणार्थ रिले चालू करणे. डिस्क्रीट इनपुट हेही एका बिटाचेच, पण फक्त वाचायचे, जसे लिमिट स्विच. इनपुट रजिस्टर सोळा बिटांचे आणि फक्त वाचायचे. मोजलेली मूल्ये इथे ठेवावीत अशी अपेक्षा. होल्डिंग रजिस्टरही सोळा बिटांचे, पण वाचता आणि लिहिता दोन्ही येणारे, म्हणून सेटिंग इथे. वाचण्याचे कोड याच क्रमाने ०१, ०२, ०४ आणि ०३ आहेत. शेवटच्या दोघांची अदलाबदल लक्षात ठेवावी, कारण मीटर बनवणारे अपेक्षा पाळतातच असे नाही. कोणी मोजलेली मूल्ये होल्डिंगमध्ये ठेवतो, कोणी दोन्हीकडे.

मॅन्युअलमध्ये ४०००१ असे लिहिलेले असते. त्यातला ४ हा होल्डिंगचा कप्पा दाखवतो आणि ०००१ म्हणजे त्यातले पहिले रजिस्टर. केबलवर मात्र मोजणी शून्यापासून होते, म्हणून ४०००१ साठी `00 00` जाते. काही मॅन्युअल केबलवरचा पत्ता देतात, काही कप्प्याचा नंबर, आणि एकाचा फरक पडतो. दुसरा सापळा दोन रजिस्टरांच्या क्रमाचा. २३० हा आकडा `4366` आणि `0000` असा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो. काही मीटर मागचा अर्धा भाग आधी पाठवतात. तो उलटा वाचला तर स्क्रीनवर शून्याला चिकटलेला आकडा दिसतो.

या चुका ओळखायला सोप्या, कारण त्या कायम असतात. चुकीचा पत्ता दर वेळी चुकीचाच आकडा देईल. त्या जागी रजिस्टरच नसेल तर मीटर `83 02` अशी स्पष्ट तक्रार करेल. याउलट आकडा सकाळी बरोबर, दुपारी दोनदा गायब आणि संध्याकाळी पुन्हा बरोबर असेल, तर रजिस्टरची यादी चाळत बसू नये. तिथे घड्याळ काढावे.

९६०० बॉडवर, पॅरिटी धरून एक बाइट अकरा बिटांचा होतो आणि त्याला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. आठ बाइटांचा प्रश्न ९.२ मिलिसेकंदांत जातो. मीटर विचार करायला ५० घेतो असे समजू. वीस रजिस्टरे मागितली तर उत्तर ४५ बाइटांचे, म्हणजे ५१.६ मिलिसेकंद. त्यानंतर साडेतीन बाइटांएवढी, म्हणजे ४ मिलिसेकंदांची शांतता पाळावी लागते, कारण निरोप संपला हे मॉडबस आरटीयूत या शांततेवरूनच कळते. बेरीज ११५ मिलिसेकंद, आणि आठ मीटरांची फेरी एका सेकंदाच्या आत. हीच वीस रजिस्टरे दोन-दोन करून दहा प्रश्नांत मागितली तर प्रत्येक वेळी मीटरच्या विचाराचे ५० मिलिसेकंद नव्याने भरावे लागतात आणि फेरी जवळपास सहा सेकंदांवर जाते. सलग रजिस्टरे एकदम मागावीत, असे जाणती माणसे सांगतात ते यासाठी. एका प्रश्नात १२५ पर्यंत मागता येतात.

आता टाइमआउट. समजा तो १०० मिलिसेकंद ठेवला आहे आणि मास्टर पूर्ण उत्तर येईपर्यंतचा वेळ मोजतो. दोन रजिस्टरे मागितली तर विचाराचे ५० आणि उत्तराचे १०, म्हणजे ६० मिलिसेकंदांत काम होते. वीस मागितली तर ५० आणि ५१.६ मिळून १०१.६ होतात आणि मीटर ‘बंद’ दिसतो. दोन वाचता येतात पण वीस वाचता येत नाहीत, अशी तक्रार आली की आधी टाइमआउट पाहावा. काही मास्टर फक्त पहिला बाइट येईपर्यंतच मोजतात, म्हणून एकाच आकड्याचे अर्थ दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळे निघतात.

टाइमआउट काठावर असला की याहून वाईट प्रकार घडतो. चौथा मीटर एरवी वेळेत बोलतो, पण कधीकधी त्याला १२० मिलिसेकंद लागतात. शंभराव्या मिलिसेकंदाला मास्टर त्याला सोडून पाचव्याला विचारू लागतो. चौथा थोडा लवकर, म्हणजे १०५ व्या मिलिसेकंदाला बोलला, तर दोघांचे बाइट केबलवर एकमेकांत मिसळतात. पाचव्याला सीआरसी चुकलेला प्रश्न मिळतो, आणि नियम असा की चुकलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही. लॉगमध्ये चौथ्याबरोबर पाचव्याच्या नावावरही टाइमआउट चढतो आणि निष्पाप पाचवा बदलला जातो. याची खात्री करायला फेरीचा क्रम बदलून पाहावा. चौथ्यानंतर सातव्याला विचारल्यावर दोष सातव्याकडे गेला, तर गुन्हेगार चौथा.

मास्टर पुढचा प्रश्नही चौथ्यालाच विचारत असेल तर आकडेच बदलतात. व्होल्टेज विचारले, उत्तर वेळेत आले नाही, म्हणून करंट विचारला. आणि तेवढ्यात व्होल्टेजचे उशिराचे उत्तर पोचले. पत्ता बरोबर, काम बरोबर, बाइटांची संख्या तीच, सीआरसी बिनचूक. मास्टर ते करंट म्हणून लिहून घेतो आणि स्क्रीनवर २३० अँपिअर दिसतात. मध्ये निरोप साठवून पुढे पाठवणारा रेडिओ मोडेम असेल तर हे हमखास भेटते, आणि मग पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात. यावर इलाज एकच: टाइमआउट हा सर्वांत उशिराच्या खऱ्या उत्तरापेक्षा मोठा हवा. मास्टरने पुढचा प्रश्न पाठवण्याआधी आलेले जुने बाइट फेकून द्यावेत, पण तो केवळ जोडीचा उपाय.

शांततेची चूक उलट्या बाजूनेही होते. एकाच निरोपाच्या दोन बाइटांमध्ये दीड बाइटापेक्षा मोठी खिंड पडू नये, असा नियम आहे. ९६०० वर ती १.७ मिलिसेकंदांची. संगणकावरच्या मास्टरने प्रश्न तुकड्यातुकड्याने पाठवला, तर काटेकोर मीटर तो अर्धवट समजून टाकून देतो आणि गप्प राहतो. दुसऱ्या बाजूला, अनेक यूएसबी कन्व्हर्टर आलेले बाइट १६ मिलिसेकंदांपर्यंत अडवून मग एकदम पुढे देतात. ४ मिलिसेकंदांची शांतता त्यातून दिसणार कशी? म्हणून संगणकावरची बरीच सॉफ्टवेअर शांतता न पाहता बाइट मोजून निरोप संपला असे ठरवतात.

हाच विषय नेटवर्कवर गेला की चित्र थोडे सुधारते. मॉडबस टीसीपीमध्ये प्रत्येक प्रश्नाला दोन बाइटांचा क्रमांक असतो आणि उत्तरात तोच परत येतो, त्यामुळे व्होल्टेज करंटच्या जागी बसत नाही. पण गेटवेच्या पलीकडे तीच दोन तारांची केबल आणि तीच रांग असते. स्काडाने आठही मीटरांचे प्रश्न एकदम पाठवले, तर आठव्याला उत्तराआधी आठशे मिलिसेकंद थांबावे लागते. त्यात तिसरा मीटर खरोखर बंद असेल आणि गेटवे त्याला एकेका सेकंदाने तीनदा हाका मारत असेल, तर मागच्या सगळ्यांना तीन सेकंद जास्त लागतात. स्काडाचा टाइमआउट एक सेकंदाचा असला की एक मीटर बंद असताना सहा लाल दिसतात.

म्हणून या क्षेत्रात पाऊल टाकताना रजिस्टरच्या यादीशेजारी दुसरी एक यादी ठेवावी. तिच्यात प्रत्येक मीटरचा मोजलेला सर्वांत उशिराचा प्रतिसाद, गेटवेचा टाइमआउट, त्याच्या प्रयत्नांची संख्या आणि त्यांच्या गुणाकारापेक्षा मोठा असलेला स्काडाचा टाइमआउट लिहावा. बंद पडलेल्या मीटरला दर फेरीत न विचारता मिनिटातून एकदा विचारावे. हे आकडे कागदावर असले की लॉगमधला प्रत्येक टाइमआउट कोणाच्या खात्यावर मांडायचा ते ठरवता येते, आणि मीटर बदलायचा निर्णय सर्वांत शेवटी घेता येतो.