सीएसआरएफ टोकन कालबाह्यता (लॉगिन फॉर्म)

लॉगिनचे पान बराच वेळ उघडे राहिल्यावर पासवर्ड बरोबर असूनही फॉर्म नाकारला जाणे. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये अशा वेळी `419 Page Expired` असा संदेश दिसतो.

पान उघडताच सर्व्हर सेशन सुरू करतो, त्यात एक यादृच्छिक टोकन साठवतो आणि तेच फॉर्मच्या `_token` या अदृश्य रकान्यात घालतो. फॉर्म परत आल्यावर दोन्ही ताडून पाहिली जातात. सेशनची मुदत मुळात 120 मिनिटे असते. सकाळी दहाला उघडलेले पान दुपारी एकला भरले, तर जुने सेशन संपलेले असते. सर्व्हर नवे सेशन नव्या टोकनसह सुरू करतो आणि पानावरचे टोकन त्याच्याशी जुळत नाही. पासवर्ड तपासण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. लॉगिनचे पान नव्याने उघडले की लॉगिन होते. ताज्या पानावरही तीच चूक आली, तर कारण मुदत नव्हे; बहुधा सेशनची कुकी ब्राउझरमध्ये टिकत नसते किंवा कॅशमधले जुने पान मिळत असते.

लॉगिनला या तपासणीतून वगळण्याचा सोपा मार्ग घातक आहे. हल्लेखोर वापरकर्त्याला नकळत स्वतःच्या खात्यात लॉगिन करवू शकतो, आणि मग वापरकर्त्याने भरलेली माहिती हल्लेखोराच्या हाती लागते. `SESSION_LIFETIME` वाढवल्याने अडचण फक्त पुढे ढकलली जाते. टोकन न जुळल्यास वापरकर्त्याला ताज्या लॉगिन पानावर पाठवून कारण स्पष्ट सांगणे, हा योग्य उपाय.