मानसिक आजार आणि नोकरी : कायद्याचे संरक्षण कधी मिळते, आणि कार्यालयात किती सांगावे?

आपल्याकडे घरात कुणाला उदासी, भीती किंवा वेडाचे झटके सुरू झाले की आधी दुआ-तावीज होतो, मग नातेवाईक ‘कुणाला सांगू नका’ म्हणतात, आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. दुआ जरूर करावी. पण माणूस नोकरीत असेल तर या गप्प बसण्याची किंमत मोठी असते, कारण कायदा कागद बघतो.

हा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यात मानसिक आजारही दिव्यांगत्वात मोडतो, पण प्रत्येक ताण-तणाव नाही. आजार दीर्घकाळाचा हवा, आणि त्यामुळे विचार, मनःस्थिती, आकलन किंवा स्मृती इतकी बिघडलेली हवी की रोजचे व्यवहार अडतात. परीक्षेच्या काळातले टेन्शन यात येत नाही. वर्षानुवर्षे चाललेला बायपोलर, स्किझोफ्रेनिया, ओसीडी किंवा गंभीर नैराश्य येऊ शकते.

आता ४० टक्क्यांचा गोंधळ. ही अट आरक्षण आणि तशाच काही लाभांसाठी आहे. कामाच्या ठिकाणी वाजवी सोय मागायला ४० टक्के लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. टक्केवारी ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर ठरते. स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद व समज आणि काम या चार बाबींना ० ते ४ गुण देतात व आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात. एकूण २० पैकी ७ गुण झाले की ४० टक्के सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, आष्टीतल्या अनुदानित शाळेत एक लिपिक आहेत, त्यांना सहा वर्षांपासून बायपोलर आहे. चार बाबींचे गुण १, २, १ आणि २, म्हणजे ६. कालावधीचे ३ धरले तर ९ होतात, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर. रात्रीच्या गोळीमुळे त्यांना सकाळी गुंगी असते, आणि उशिरा येण्याबद्दल मेमो मिळू लागले आहेत. सरकारी अनुदान घेणारी संस्था कायद्याने ‘शासकीय आस्थापना’ ठरते, म्हणून कलम २० इथे लागू होते. शाळेने वाजवी सोय द्यायची आहे, आणि नोकरीत असताना आलेल्या दिव्यांगत्वामुळे कामावरून काढता किंवा हुद्दा कमी करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. खाजगी कंपनीवर कलम २० चे हे बंधन नाही. तिथे कलम ३ ची भेदभावबंदी आणि कंपनीचे समान संधी धोरण यांचाच आधार असतो.

मेमोचे काय? रवींदर कुमार धारीवाल हे केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी. त्यांना ओसीडी आणि नैराश्य होते, आणि २०१० पासून त्यांच्यावर खातेनिहाय चौकशी लागली. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गैरवर्तनामागे मानसिक दिव्यांगत्व हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी एक असले तरी अशी कारवाई भेदभाव ठरते. त्यांना हत्याराशी संबंध नसलेले काम देता येईल, पण पगार व सेवाशर्ती जपून, असेही न्यायालयाने सांगितले.

मग सांगायचे कसे? आपल्या लिपिकांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाचे पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर जमवावेत. swavlambancard.gov.in वर अर्ज करून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. नंतर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. त्यात आजाराची सगळी कहाणी नको, अडचण आणि मागणी लिहावी : ‘औषधोपचारामुळे सकाळी लवकर काम करणे शक्य होत नाही. कृपया कामाची वेळ ११ ते ५ करावी. डॉक्टरांचे पत्र सोबत आहे. ही माहिती गोपनीय ठेवावी.’ आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. स्टाफरूममध्ये किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही बोलू नये. डॉक्टर गुप्ततेला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने बांधलेले आहेत, सहकारी नाहीत.

वेळ महत्त्वाची आहे. आरोपपत्र आल्यानंतर पहिल्यांदा आजार सांगितला तर ती सबब वाटते. तोपर्यंत थांबला असाल तरी जुन्या केसपेपरच्या तारखा जोडून लेखी कळवाच.

मागणी नाकारली तर शासकीय आस्थापनेतल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, आणि पुण्यात दिव्यांग आयुक्त आहेत. मात्र पूर्ण प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय काही भागत नाही अशी वेळ येईल, उदाहरणार्थ काम बदलून मागताना. तेव्हा ते फक्त संबंधित अधिकाऱ्यालाच, बंद पाकिटात द्यावे.