‘सर्व धर्म’ म्हणजे कोणते?

१४. गीतेच्या अठराव्या अध्यायातील ६६व्या श्लोकात सर्व धर्म सोडायला सांगितले आहे. शंकराचार्य इथे ‘धर्म’ या शब्दात अधर्मही धरतात, कारण त्यांना सर्वकर्मसंन्यास अभिप्रेत आहे. शब्द असा ताणावा लागतो, तिथेच भाष्यकाराची भूमिका स्पष्ट दिसते. रामानुज मात्र कर्म सोडू देत नाहीत. फलाची आसक्ती आणि कर्तेपण सोडावे, असे ते म्हणतात. शिवाय ते दुसराही अर्थ देतात: भक्तीला आरंभ करण्याआधी पापक्षालनासाठी करायची चांद्रायणासारखी दीर्घ प्रायश्चित्ते सोडावीत. पुढे श्रीवैष्णव परंपरेने याच श्लोकाला ‘चरमश्लोक’ म्हणून शरणागतीचा मुख्य आधार मानले. तो उत्तरकालीन अर्थ रामानुजांच्या गीताभाष्यावर लादू नये.