एक पुणं, दोन विषप्रकरणं, दोन वेगळे निकाल

येरवड्यात राहणाऱ्यांना जेलच्या भिंतीचं फारसं काही वाटत नाही. पण एखादा खटला गाजला की कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कुणी बघितलंच नाही ना, मग सुटणारच तो." कुणी याच्या बरोबर उलटंही म्हणतं, "एवढं सगळं त्याच्याकडेच बोट दाखवतंय, अजून पुरावा कशाला पाहिजे?" दोन्ही चूक. का ते कळायला आपल्याच शहरातली दोन जुनी प्रकरणं पुरेशी आहेत. (जोशी-अभ्यंकर खटला इथे मुद्दाम घेत नाहीये. त्यात माफीचा साक्षीदार होता. त्या चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला आपल्या येरवड्यातच फाशी झाली.)

पहिलं प्रकरण 1956 चं. शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे, विधवा, बऱ्यापैकी पैसाअडका असलेल्या. त्यांच्याच वाड्यात राहणारे डॉ. अनंत लागू 12 नोव्हेंबरच्या रात्री त्यांना मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून रेल्वेने घेऊन निघाले. पहाटे मुंबईत गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. जी. टी. हॉस्पिटलमध्ये दुपार व्हायच्या आत त्या गेल्या. शवविच्छेदन झालं, व्हिसेरा तपासला, पण विष सापडलं नाही. गाडीत काय झालं हे पाहणारंही कुणी नाही.

मग खटला उभा कशावर राहिला? माणूस कसा वागला, यावर. हॉस्पिटलमध्ये बाईंचं नाव वेगळंच सांगितलं गेलं. त्या गेल्याचं नातेवाइकांना कळवलं नाही, आणि त्यांचं प्रेत बेवारस राहिलं. पुढे लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं येऊ लागली, की मी दुसरं लग्न केलंय, लांब राहते, काळजी करू नका. म्हणजे मेलेली बाई पत्रं लिहीत होती! तिकडे तिची मालमत्ता एकेक करून डॉक्टरांच्या हातात जात होती. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली. डिसेंबर 1959 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं, पण दोन विरुद्ध एक अशा मताने. बहुमताचं म्हणणं असं की काही विषं तपासणीत सापडत नाहीत, आणि डॉक्टर माणसाला ती माहीत असतात. केवळ विष सापडलं नाही म्हणून बाकी सगळं डोळ्याआड करता येणार नाही. न्या. सरकार यांना मात्र मुळात मृत्यू विषाने झाला हेच सिद्ध झालेलं वाटलं नाही. मला विचाराल तर ते विरोधी मतही एकदा वाचावं. शंका कुठे घ्यायची असते ते त्यातून नीट कळतं.

आता दुसरं. 11 जून 1982 ची रात्र, पुण्यातला एक फ्लॅट. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली मुलगी सकाळी मृत. यावेळी विष सापडलं, पोटॅशियम सायनाइड. नवऱ्याला पुण्याच्या कोर्टाने फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. 17 जुलै 1984 ला सुप्रीम कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडलं.

विष नसताना शिक्षा, असताना सुटका. हे कसं काय?

न्या. फझल अली यांनी विचारलं: सायनाइड या माणसाकडे होतं का? त्याचा पुरावा नव्हता. मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. त्यांत छळाची, दुःखाची जाणीव होती. पण त्याच पत्रांतून खूप खचलेली मुलगीही दिसत होती. म्हणजे तिने स्वतःच विष घेतलं असण्याची शक्यता उरत होती. इथेच साखळी तुटली. प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे सिद्ध झाली पाहिजे. "झालं असावं" आणि "झालंच असलं पाहिजे" यात फार अंतर आहे. सगळ्या कड्या मिळून फक्त आरोपीकडेच नेल्या पाहिजेत, दुसरी कुठलीही पटण्यासारखी शक्यता शिल्लक राहता कामा नये. वकील मंडळी ज्याला 'पंचशील' म्हणतात ती पाच तत्त्वं हीच, याच पुण्याच्या केसमधली. आजही देशभरातली कोर्टं निकाल लिहिताना ती उतरवून घेतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हायकोर्टाने आरोपीचा खोटा बचाव ही एक जादा कडी धरली होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, साखळी आधी सरकार पक्षाने स्वतः पूर्ण करायची. तशी ती पूर्ण असेल तर आरोपीचं खोटं तिला जोर देईल, पण मधली भोकं त्या खोट्याने बुजवता येत नाहीत. शिवाय जी गोष्ट आरोपीला जबाबाच्या वेळी विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरायची नाही.

लागूंच्या बाबतीत नाव बदलणं, प्रेत सोडून देणं, खोटी पत्रं आणि मालमत्ता या सगळ्याला दुसरं कुठलंच सरळ उत्तर निघत नव्हतं, निदान दोन न्यायाधीशांना तरी तसं वाटलं. 1982 च्या फ्लॅटमधल्या मृत्यूला ते निघत होतं.

त्या मुलीच्या माहेरच्यांना हा निकाल कसा लागला असेल, हे मात्र कुठल्याच निकालपत्रात लिहिलेलं नसतं.