अस्थिभंग पाठपुरावा नोंद

हाड मोडलेल्या रुग्णाच्या केसपेपरवरील त्रोटक टिपणे उलगडून, प्रत्येक भेटीला एक ओळ देऊन केलेली नोंद. त्या दिवशी एक्स-रेत काय दिसले, प्लास्टरचे काय केले आणि पायावर किती भार द्यायला सांगितले, या तीन गोष्टी तिच्यात शेजारी-शेजारी येतात. रायगडच्या किनारपट्टीवर तिची निकड अधिक भासते. मुरूडचा रुग्ण सुमारे ५० किलोमीटरवरच्या अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पहिले प्लास्टर घालून घेतो, पुढचा एक्स-रे गावाजवळ काढतो आणि कधी मुंबई गाठतो. प्रत्येक ठिकाणी कागद वेगळा असतो.

पोफळीवरून पडून नडगीचे हाड मोडलेल्या पाडेल्याचे उदाहरण घेऊ. हा रुग्ण कल्पित आहे. क्रम मात्र नेहमीचा. जखम उघडी नाही, शेजारचे बारीक हाड शाबूत आहे. केसपेपरवर तिसऱ्या आठवड्याला एवढेच लिहिलेले असते : ‘चेक एक्स-रे, अलायनमेंट ओके, एके कास्ट, एनडब्ल्यूबी’. म्हणजे हाड जागेवर, मांडीपर्यंतचे पक्के प्लास्टर तसेच, भार अजिबात नाही. ‘ओके’ हा शब्द उलगडता येत नाही, कारण तो मोजलेला नाही. अशा वेळी त्या तारखेची फिल्म शोधून तुटलेल्या दोन तुकड्यांमधला कोन समोरून आणि बाजूने मोजावा लागतो. मोजणारा डॉक्टरच हवा, आणि कोन नंतर मोजला असेल तर तसे लिहायला हवे.

कोन लिहिले की चित्र बदलते. पहिल्या दिवशी सूज असल्याने कच्चे प्लास्टर, दहाव्या दिवशी पक्के, तेव्हा पाय आतल्या बाजूला २ अंश वाकलेला, तिसऱ्या आठवड्याला ४ अंश, चौथ्याला ७. बारीक हाड शाबूत असले की ते आधाराच्या टेकूसारखे उभे राहते, मोठे हाड आत कलत जाते. मोठ्या माणसाच्या नडगीत आत-बाहेरचा बाक साधारण ५ अंशांपर्यंत चालवून घेतात. तिसऱ्या आठवड्याचे ‘ओके’ खोटे नव्हते, पण कलणे तेव्हाच सुरू झाले होते. ते एका फिल्मवर दिसत नाही. ओळी एकाखाली एक आल्यावर दिसते. चौथ्या आठवड्यात हाड अजून मऊ जुळलेले असते, म्हणून प्लास्टर कापून, फट उघडून, पाचर बसवून बाक कमी करता येतो. त्यानंतर त्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेत कोन २ अंशांवर आला, हे त्याच ओळीत हवे. कोन मोजण्याला मर्यादा आहे : दोन मोजणाऱ्यांत एक-दोन अंशांचा फरक सहज पडतो, आणि पाय वळवून काढलेली फिल्म फसवते. म्हणून एकट्या दोन अंशांच्या वाढीवर निर्णय घेऊ नये; सलग एकाच दिशेने जाणारे आकडे पाहावेत.

सातव्या आठवड्याला गुडघा मोकळा ठेवणारे प्लास्टर येते. ऑगस्तो सार्मिएंतो यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत रुग्ण प्लास्टरसह चालू लागतो. इथे नुसते ‘पार्शल वेट’ लिहिणे निरुपयोगी. वजनकाट्यावर पाय टेकवून ‘२० किलो, दोन कुबड्या, पुढच्या भेटीपर्यंत’ असे दाखवून दिले, तर तेच लिहावे. काट्यावर मोजलेच नसेल, तर आकडा घालू नये. पूर्ण भाराच्या ओळीत त्याचे कारण हवे : चार कडांपैकी तीन कडांवर नवे हाड जुळलेले दिसते, दाबल्यावर दुखत नाही. नडगी जुळायला चार-पाच महिने लागणे नवल नाही.

लिहिताना सर्वांत वारंवार होणारी चूक आठवडे मोजण्यात होते. ते पडल्याच्या दिवसापासून मोजायचे, प्लास्टर बदलल्यापासून नव्हे. नाहीतर सातवा आठवडा तिसरा ठरतो आणि भार उगाच लांबतो. दुसरी चूक रिकाम्या जागेची. बोटांची संवेदना तपासल्याचे टिपण नसेल, तर ‘नोंद नाही’ लिहावे, ‘ठीक’ नव्हे. पावसाळ्यात प्लास्टर भिजून मऊ पडले म्हणून बदलले आणि सूज उतरून ढिले झाले म्हणून बदलले, ही कारणेही वेगळी लिहावीत. दुसऱ्या कारणात हाड आतल्या आत सरकलेले असू शकते आणि नवा एक्स-रे लगेच लागतो. भिजलेले प्लास्टर बदलल्यावरही तो काढलेला बरा, कारण मऊ पडलेल्या साच्याने हाड धरून ठेवलेले नसते.

नोंदीची एक प्रत रुग्णाच्या पिशवीत, एक्स-रेच्या पाकिटातच ठेवावी. पुढचा डॉक्टर पहिल्यांदा तेच पाकीट उघडतो.