चेन की बेसलाइन? ड्रॉइंगवरची मापं आणि न बसणारा पाचवा बोल्ट

अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी घ्या, २०० मिमी लांब. तिच्यावर एका ओळीत पाच आरपार होल, दोन होलमध्ये ४० मिमी अंतर. ही पट्टी खालच्या एका बारवर एम-५ च्या पाच बोल्टनी बसवायची आहे. बारमध्ये त्याच अंतरावर टॅप केलेली होल आहेत. काम सोपं वाटतं. पण पट्टी तयार होऊन येते, पहिले तीन बोल्ट छान लागतात, चौथा जोर लावून लागतो आणि पाचवा लागतच नाही. व्हर्नियर लावून बघितलं तर ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप बरोबर! मग चूक कुणाची?

बहुतेक वेळा ती ड्रॉइंगवर मापं देण्याच्या पद्धतीची असते. मी आता पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण इंजिनिअरिंगचं शिक्षण आणि मधूनमधून टेस्ट फिक्श्चर बनवून घ्यायची वेळ यामुळे या विषयाशी संबंध टिकून आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना हा फरक लगेच कळतो. चेन म्हणजे रिलेटिव्ह पत्ता, मागच्यापासून किती पुढे. बेसलाइन म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट पत्ता, एकाच ठरलेल्या जागेपासून किती लांब.

चेन पद्धतीत आपली पट्टी अशी लिहिली जाईल: डाव्या कडेपासून पहिलं होल २०, तिथून पुढे ४०, ४०, ४०, ४०. प्रत्येक मापाला टॉलरन्स ±०.१ मिमी. बेसलाइनमध्ये सगळी मापं डाव्या कडेपासूनच: २०, ६०, १००, १४०, १८०. टॉलरन्स तोच, ±०.१.

आता पहिल्या आणि पाचव्या होलमधलं अंतर बघा. चेनमध्ये ते चार मापांची बेरीज आहे, म्हणून चार टॉलरन्सचीही बेरीज होते: १६० ±०.४. बेसलाइनमध्ये तेच अंतर दोन मापांची वजाबाकी आहे, १८० वजा २०, म्हणून दोनच टॉलरन्स साचतात: १६० ±०.२. होल पाच असोत की पंधरा, बेसलाइनमध्ये कुठल्याही दोन होलमध्ये दोनपेक्षा जास्त टॉलरन्स साचत नाहीत. चेनमध्ये मात्र प्रत्येक नवं होल आपला वाटा टाकत जातं. यालाच टॉलरन्स स्टॅक-अप म्हणतात.

हे बोल्टला चालेल का, हे ठरवायला मोकळी जागा किती ते बघावं लागतं. एम-५ साठी नेहमीचं क्लिअरन्स होल ५.५ मिमीचं, म्हणजे बोल्टभोवती प्रत्येक बाजूला ०.२५ मिमी जागा. पट्टी कशाला टेकवलेली नाही, ती थोडी सरकू शकते. त्यामुळे एका टोकाला ०.२५ आणि दुसऱ्या टोकाला ०.२५, मिळून ०.५ मिमीचा फरक पोटात घालता येतो. हे आपलं बजेट.

पण चुकणारे भाग दोन आहेत, पट्टी आणि बार. दोन्ही चेनने काढले असतील आणि एक पूर्ण लांब, दुसरा पूर्ण आखूड निघाला, तर फरक ०.४ अधिक ०.४ म्हणजे ०.८ मिमी. बजेट संपलं, बोल्ट अडला. दोन्ही बेसलाइनने काढले तर सर्वात वाईट फरक ०.४ मिमी, आणि तो बसतो. टॉलरन्स एका काट्यानेही घट्ट केला नाही, मशीनवरचा खर्च वाढवला नाही, फक्त बाण कुठून कुठे ओढायचे ते बदललं. (रुंदीच्या दिशेतली चूकही याच मोकळ्या जागेतून खाते. इथे हिशोब सोपा ठेवायला ती धरलेली नाही. खऱ्या कामात ०.५ मधला थोडा भाग तिच्यासाठी राखून ठेवा.)

"सर्वात वाईट एकाच वेळी कशाला होईल?" हा प्रश्न रास्त आहे. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतात, आणि चेनच्या आठ मापांसाठी ते ०.२८ च्या आसपास येतं. पण एकाच मशीनवर, एकाच सेटिंगमध्ये केलेल्या होलच्या चुका बऱ्याचदा एकाच दिशेच्या असतात. प्रत्येक ४० हे ४०.०८ निघालं, तर इन्स्पेक्शन रिपोर्टवर चारही मापं पास आणि पाचवं होल ०.३२ ने पुढे. म्हणून पाच-दहा नगांच्या कामात मी तरी सर्वात वाईट स्थितीच धरतो.

हा दोष ओळखायची खूण आहे. बोल्ट डावीकडून लावत गेलात तर अडचण उजवीकडे वाढत जाते. सगळे काढून उजवीकडून सुरुवात केली तर अडचण डावीकडे येते. अडचण जागा बदलते म्हणजे एखादं होल चुकलेलं नाही, अंतर साचलेलं आहे. कायम एकच होल त्रास देत असेल तर मात्र तेच होल तपासा.

कुणी म्हणेल, सीएनसी तर अ‍ॅब्सोल्यूटमध्येच चालतं:

```
G90
G81 X20. Y15. Z-12. R2. F120
X60.
X100.
X140.
X180.
G80
```

खरं आहे. चेनचं ड्रॉइंग दिलं तर ऑपरेटर कॅल्क्युलेटर घेऊन पेन्सिलने बाजूला बेरजा लिहितो आणि बहुधा चांगला नग काढून देतो. पण नग पास की नापास हे प्रोग्रामवर नाही, ड्रॉइंगवर ठरतं. ०.४ ने लांब गेलेली पट्टी तुम्ही परत करू शकत नाही, कारण तुमच्याच कागदाने तिला परवानगी दिलेली असते.

आता बेसलाइन कुठली? कड घेणं ही सवय आहे, पण आपल्या पट्टीची कड जोडणीत कशालाच टेकत नाही. मग पहिलं होलच बेसलाइन करा आणि बाकीची मापं तिथून द्या: ४०, ८०, १२०, १६०. पहिलं ते पाचवं अंतर आता एकच माप, ±०.१. कडेपासूनचे २० मात्र सैल सोडता येतात. खाली आयएसओ २७६८-एम लिहिलं असेल तर त्याला आपोआप ±०.२ मिळतो, आणि तेवढं पुरतं. होलच्या मापांवर मात्र टॉलरन्स स्वतः लिहा. त्याच तक्त्यात ४० ला ±०.३ आणि १६० ला ±०.५ आहे, म्हणजे आपलं बजेट कुठलीही पद्धत घेतली तरी बुडतं.

याचा अर्थ चेन वाईट असा नाही. याच पट्टीवर दोन गिअरच्या शाफ्टसाठी बेअरिंगची दोन बोअर असती आणि त्यांच्यातलं अंतर ±०.०२ मध्ये हवं असतं, तर बेसलाइनने प्रत्येक बोअरला ±०.०१ द्यावा लागला असता. विनाकारण महाग. तिथे एका बोअरची जागा बेसलाइनपासून द्यायची आणि दुसऱ्याचं माप थेट पहिल्या बोअरपासून. त्यामुळे चांगल्या ड्रॉइंगवर दोन्ही पद्धती शेजारी दिसतात.

चेन वापरलीच तर एक कडी मोकळी सोडा. कडेपासून २०, चार वेळा ४०, पुन्हा २० आणि वर एकूण लांबी २०० ±०.१ असं सगळं लिहिलं तर सहा मापांचा टॉलरन्स ±०.६ आणि लांबीचा ±०.१ यांचं भांडण लागतं. शेवटचे २० काढून टाका, किंवा कंसात टाकून फक्त माहितीसाठी ठेवा.