‘फक्त नाव बदलायचे आहे’ : ओपन फाइल मागणारे पत्र

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करण्यास मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तशी अधिसूचना निघाली. कागदोपत्री नाव बदलले, की शाळांचे फलक, पतसंस्थांच्या दिनदर्शिका, मंडळांच्या स्मरणिका यांवरचे जुने नावही बदलावे लागते. हे काम घेऊन ग्राहक फोटो स्टुडिओत येतो, तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये जुन्या फलकाचे एक चित्र असते आणि मागणी अगदी साधी असते : ‘बाकी सगळे तसेच राहू द्या, फक्त नाव बदलायचे आहे.’

यावर जाणता छायाचित्रकार लगेच होकार देत नाही. ‘याची ओपन फाइल आहे का?’ असे तो विचारतो. ग्राहकाला ही टाळाटाळ वाटते. चार अक्षरे पुसून चार अक्षरे लिहिण्यासाठी एवढी विचारपूस कशाला, असा त्याचा समज होतो. म्हणूनच ही मागणी तोंडी करण्यापेक्षा एका सौजन्यपूर्ण पत्रातून, कारणांसह केलेली बरी.

ओपन फाइल म्हणजे काय?

पारदर्शक प्लॅस्टिकचे काही कागद एकावर एक ठेवले आहेत अशी कल्पना करावी. सर्वांत खाली किल्ल्याचे छायाचित्र, त्यावर संस्थापकांचे कापून घेतलेले चित्र, त्यावर बोधचिन्ह आणि सर्वांत वर अक्षरे. प्रत्येक कागद हा एक थर, म्हणजेच लेयर. अक्षरांचा कागद उचलला, तर खालचा किल्ला जसाच्या तसा दिसतो. फोटोशॉप या प्रोग्रॅममध्ये लेयरची सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. हे थर सुटे ठेवून साठवलेल्या फाइलला आपल्याकडे ‘ओपन फाइल’ म्हणतात.

आता या कागदांच्या चळतीचा वरून एक फोटो काढला, तर तो फोटो म्हणजे ‘फ्लॅट’ झालेले चित्र. जेपीजी स्वरूपातील प्रत्येक चित्र असेच असते. त्यातल्या प्रत्येक बिंदूला एकच रंग असतो. जिथे काळे अक्षर आहे, तिथे काळा रंग एवढीच माहिती उरते; त्या अक्षराखाली कोणता दगड होता, हे फाइलमध्ये कुठेही नसते. ते लपलेले नसून नाहीसेच झालेले असते. हा फरक ग्राहकाच्या ध्यानी आला, की पुढचे सारे सोपे होते.

एका फलकाचे उदाहरण

समजा, नगर शहरातील एका शिक्षण संस्थेने २०१९ मध्ये १० फूट रुंद आणि ८ फूट उंच असा फ्लेक्स केला होता. पार्श्वभूमीला भुईकोट किल्ल्याची दगडी तटबंदी आणि तिच्यावर छाया व कडा दिलेल्या अक्षरांत संस्थेचे नाव व ‘अहमदनगर’ हा शब्द. आता तेथे ‘अहिल्यानगर’ हवे आहे.

दोन्ही नावांच्या शेवटी ‘नगर’ आहे आणि सुरुवातीला ‘अ’ व ‘ह’ आहेत. म्हणून मधली ‘मद’ एवढीच अक्षरे पुसून काम भागेल असे वाटते. प्रत्यक्षात ‘हि’ची वेलांटी ‘ह’च्या आधी येते, त्यामुळे ‘ह’ला पुढे सरकावे लागते. ‘मद’ आणि ‘ल्या’ यांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे ‘नगर’ही आपल्या जागी राहत नाही. शिवाय देवनागरीत सर्व अक्षरे एका शिरोरेषेला टांगलेली असतात. जुन्या आणि नव्या शिरोरेषेच्या जाडीत केसभर फरक पडला, तरी जोड नजरेत भरतो. थोडक्यात, संपूर्ण शब्द काढूनच नवा लिहावा लागतो.

शब्द काढला, की त्यामागची तटबंदी भरून काढणे आले. आजूबाजूचे दगड उचलून तेथे बसवण्याची साधने फोटोशॉपमध्ये आहेत; पण तो अंदाज असतो. आकाश किंवा एकरंगी पट्टी असेल तर अंदाज खपून जातो. दगडी बांधकामात मात्र तोच दगड दोनदा दिसू लागतो, सांधे जुळत नाहीत. अक्षर एखाद्याच्या चेहऱ्यावर किंवा खांद्यावर आलेले असेल, तर अंदाजाला जागाच उरत नाही.

दुसरी अडचण जेपीजीची. फाइल लहान करण्यासाठी हे स्वरूप चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांतील बारकावे कमी करते. त्यामुळे ठळक अक्षरांच्या कडेला मळकट ठिपक्यांचे वलय तयार होते. अक्षर पुसले तरी हे वलय मागे राहते आणि जुन्या शब्दाची पुसट आकृती दिसत राहते. पडद्यावर चित्र दुप्पट-तिप्पट मोठे करून पाहिले, की ते ओळखता येते.

तिसरी अडचण आकाराची. मूळ फलक इंचाला ७२ बिंदूंच्या हिशेबाने केला असेल, तर त्याची रुंदी ८६४० बिंदू असते. तोच व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या दर्जात फोटो म्हणून आला, की साधारण १६०० बिंदूंवर येतो. दहा फुटांवर पसरल्यास इंचाला जेमतेम १३ बिंदू पडतात. मोबाइलवर सुबक दिसणारे चित्र फ्लेक्सवर धूसर का होते, याचे उत्तर या भागाकारात आहे.

पत्राचा नमुना

या फलकासाठी छायाचित्रकाराने लिहावयाचे पत्र असे असू शकेल :

मा. सचिव महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या संस्थेच्या फलकावरील जिल्ह्याचे नाव बदलण्याचे काम आपण आमच्याकडे सोपवलेत, याबद्दल आभारी आहे. आपण पाठवलेले चित्र मिळाले. ते तपासले असता, त्यातील छायाचित्रे, अक्षरे व पार्श्वभूमी एकाच थरात एकजीव झाल्याचे दिसले. यातून जुने नाव काढल्यास त्यामागील तटबंदीचा भाग अंदाजाने भरावा लागेल व तो डाग छपाईत दिसेल. तसेच चित्राची रुंदी १६०० बिंदूच असल्याने १० फुटी फलकावर ते धूसर उमटेल.

यासाठी विनंती आहे की, काम सुरू करण्यापूर्वी या फलकाची मूळ ‘ओपन फाइल’ मिळावी. तिच्या नावाच्या शेवटी `.psd`, `.tif` किंवा `.cdr` असे असेल. ती आपल्या कार्यालयात नसल्यास, ज्यांनी फलक तयार केला त्यांच्याकडे असण्याची शक्यता आहे. त्यांच्याशी मी स्वतः बोलावे असे आपणास वाटल्यास तसे अवश्य कळवावे. अक्षरांसाठी वापरलेल्या फाँटचे नाव आणि मूळ छायाचित्रे मिळाल्यास अधिक सोयीचे होईल. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची असल्यास फोटो म्हणून न पाठवता `Document` हा पर्याय निवडावा. अथवा पेन ड्राइव्हवर द्यावी.

ओपन फाइल मिळाल्यास हे काम एका दिवसात होईल. न मिळाल्यास फलक नव्याने रचावा लागेल. त्यास चार दिवस लागतील व त्याचा वेगळा खर्च आधी लेखी कळवीन. आपल्या संमतीशिवाय ते काम सुरू करणार नाही. आपली फाइल फक्त याच कामासाठी वापरली जाईल. कार्यक्रमाची तारीख लक्षात घेता येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर मिळाल्यास बरे होईल.

कळावे,
आपला नम्र,
(छायाचित्रकाराचे नाव)

या पत्रात ग्राहकाने ‘चुकीची’ फाइल पाठवली असे कोठेही म्हटलेले नाही. त्याच्याकडे असलेली फाइल पाहण्यासाठी योग्यच होती. ती दुरुस्तीसाठी पुरेशी नाही, एवढेच सांगितले आहे. फाइल नेमकी कशी ओळखावी, कोणाकडे मागावी आणि ती नसल्यास पुढे काय, हे तिन्ही प्रश्न त्याच पत्रात सुटतात. त्यामुळे सचिवांना ते पत्र जसेच्या तसे जुन्या डिझायनरकडे पाठवता येते.

हक्क कोणाचा?

जुना डिझायनर फाइल देण्यास कधी कधी नाखूश असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा ग्राहक असतो. परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरने केलेल्या मांडणीला हाच नियम आपोआप लागू होत नाही. छापील फलकाचे पैसे दिले म्हणजे ओपन फाइलही आपलीच, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून तेथेही विनंतीचीच भाषा हवी, आणि तो वाजवी शुल्क मागत असेल तर नव्या रचनेच्या खर्चाशी ते ताडून पाहावे.

फाइल आल्यावर

फाइल आली म्हणजे काम झाले असे नव्हे. फोटोशॉपमध्ये ती उघडून `Layers` ही चौकट पाहावी. तेथे `Background` नावाचा, कुलपाचे चिन्ह असलेला एकच थर दिसला, तर कोणीतरी जेपीजीच नव्या नावाने साठवून पाठवली आहे असे समजावे. अक्षरांच्या थरापुढे `T` असे चिन्ह दिसले, तर अक्षरे अजून बदलण्याजोगी आहेत.

येथे मराठीची एक खास अडचण येते. अनेक जुने फलक श्री-लिपीसारख्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये केलेले असतात. तो फाँट आपल्या संगणकावर नसेल, तर फाइल उघडताना शब्द ठीक दिसतो. पण तो बदलायला जाताच अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे येतात. अशा वेळी ती संपूर्ण ओळ दुसऱ्या फाँटमध्ये लिहावी. एकच शब्द वेगळ्या वळणाचा ठेवला, तर तो ठिगळासारखा दिसतो.

ओपन फाइल कोठेच न मिळाल्यास छापखान्याकडे चौकशी करावी. तेथील फाइलही बहुधा फ्लॅटच असते, पण ती पूर्ण आकाराची असते. नाव एकरंगी पट्टीवर असेल, तर तेवढ्यावर काम निभावते. नाव तटबंदीवर असेल, तर फलक नव्याने रचणेच उत्तम. आणि तो रचताना, छपाईच्या फाइलसोबत ओपन फाइलही संस्थेला दिली जाईल, हे कामाच्या पावतीवरच लिहून घ्यावे.